एक वातावरणाची आडवी रेघ

प्रावस्था आलेख म्हणजे ठरावीक दाबाला आणि ठरावीक तापमानाला एखादा शुद्ध पदार्थ स्थायू असेल, द्रव असेल की वायू, हे दाखवणारी आकृती. आडव्या अक्षावर तापमान डावीकडून उजवीकडे वाढत जाते आणि उभ्या अक्षावर दाब खालून वर वाढत जातो. आकृतीच्या पटलावर एकमेकांना मिळणाऱ्या तीन वक्ररेषा असतात आणि त्या पटलाचे तीन प्रदेश पाडतात. डावीकडे थंड बाजूला स्थायूचा प्रदेश, खाली उजवीकडे, म्हणजे तापमान जास्त आणि दाब कमी अशा कोपऱ्यात, वायूचा प्रदेश आणि दोहोंच्या मध्ये वरच्या अंगाला द्रवाचा प्रदेश. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोघांचेही आलेख ढोबळमानाने असेच दिसतात. तरीही पाण्याचा बर्फ पेल्यात वितळून पाणी होतो आणि कार्बन डायऑक्साइडचा बर्फ एक थेंबही न सांडता हवेत विरून जातो. या फरकाचे कारण आकृतीत नेमके कुठे आहे, ते आलेख नीट वाचता आला की दिसते.

वाचनाची सुरुवात प्रदेशांपासून करावी. प्रदेशाच्या आत कुठेही बोट ठेवले की तिथे एकच अवस्था असते आणि दाब व तापमान दोन्ही थोडे इकडे-तिकडे केले तरी ती बदलत नाही. २५ अंश सेल्सिअसचे पाणी ३० अंशांपर्यंत तापवले तरी ते पाणीच राहते. रेषेवर मात्र ही मोकळीक उरत नाही. रेषेवरील प्रत्येक बिंदू म्हणजे दोन अवस्था शेजारी शेजारी समतोलात नांदू शकतील अशी दाब-तापमानाची जोडी. त्यातील एक राशी ठरवली की दुसरी आपोआप ठरते. द्रव आणि वायू यांच्यामधल्या रेषेवर दाब एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब, असा धरला, तर पाण्याचे तापमान १०० अंशच असावे लागते. दाब बदलला की हा आकडाही हलतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ०.८५ वातावरण असतो, त्यामुळे तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. कुकरमध्ये दाब दोन वातावरणांच्या आसपास जातो आणि पाणी १२० अंशांपर्यंत द्रव राहते, म्हणून डाळ लवकर शिजते. महाबळेश्वर आणि कुकर ही एकाच वक्ररेषेवरील दोन ठिकाणे आहेत.

तिन्ही रेषा जिथे एकत्र येतात तो त्रिबिंदू. तिथे स्थायू, द्रव आणि वायू तिघेही एकाच वेळी समतोलात असतात आणि मोकळीक शून्य होते. तापमानही ठरलेले, दाबही ठरलेला. पाण्याचा त्रिबिंदू ०.०१ अंश सेल्सिअस तापमानाला आणि सुमारे ६११ पास्कल दाबाला आहे. एक वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल, तेव्हा ६११ पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम ०.६ टक्का. कार्बन डायऑक्साइडचा त्रिबिंदू उणे ५६.६ अंशांना आणि ५.११ वातावरण दाबाला आहे. दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडायचे तर दाबाचा अक्ष समान अंतराने दसपट वाढणारा घ्यावा लागतो, आणि पुस्तकांत तो बहुधा तसाच असतो. ही गोष्ट नजरेतून सुटली, तर आकृतीत बोटभर दिसणारे अंतर खरे तर दसपटीचे वा शंभरपटीचे आहे, हे ध्यानात येत नाही.

आता दोन्ही आलेखांवर एक वातावरण दाबाची आडवी रेघ ओढावी. आपले सारे रोजचे जगणे या रेघेवर चालते, कारण उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही पदार्थावर हवेचा दाब जवळपास एवढाच असतो. पाण्याच्या आलेखात ही रेघ त्रिबिंदूच्या बरीच वरून जाते. डावीकडून उजवीकडे सरकताना ती आधी बर्फाच्या प्रदेशातून जाते, शून्य अंशाला वितळण्याची रेषा ओलांडते, मग शंभर अंशांची रुंदी द्रवाच्या प्रदेशातून काढते आणि शेवटी उकळण्याची रेषा ओलांडून वाफेत शिरते. कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात हीच रेघ त्रिबिंदूच्या खालून जाते. द्रवाचा प्रदेश त्रिबिंदूपासून वर सुरू होतो, त्यामुळे रेघ त्याला शिवतच नाही. उणे ७८.५ अंशांना ती स्थायू आणि वायू यांच्यामधली एकमेव रेषा ओलांडते आणि थेट वायूत जाते. या थेट जाण्याला संप्लवन म्हणतात. ड्राय आइस ‘वितळण्याऐवजी’ उडून जातो, असे म्हणण्यापेक्षा त्याच्या वाटेत वितळण्याची रेषाच येत नाही, असे म्हणणे अधिक खरे.

या भौमितिक उत्तरामागे भौतिक कारण आहे. कोणत्याही स्थायूच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत सुटत असतात. बंद भांड्यात त्यांचा जो दाब जमतो, तो त्या तापमानाचा बाष्पदाब. तापमान चढले की बाष्पदाब फार वेगाने चढतो. कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा बाष्पदाब उणे १०० अंशांना वातावरणाच्या सातव्या हिश्श्याइतका असतो. उणे ७८.५ अंशांना तो बरोबर एक वातावरण होतो, उणे ७० अंशांना जवळपास दोन आणि उणे ६० अंशांना चार वातावरणे. वितळण्यासाठी स्थायूला उणे ५६.६ अंशांपर्यंत पोहोचावे लागते. पण उघड्या हवेत उणे ७८.५ अंशांनाच त्याचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाची बरोबरी करतो. तिथून पुढे बाहेरून आलेली सगळी उष्णता रेणू सुटण्यात खर्च होते आणि तापमान चढायचे थांबते. वितळायला अजून बावीस अंश हवे असतात, ते कधीच मिळत नाहीत.

यावर पुढचा प्रश्न असा की, त्रिबिंदूचा दाब एकाचा इतका कमी आणि दुसऱ्याचा इतका जास्त का. नुसती रेणूंमधली ओढ पाहून याचे उत्तर मिळत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात, त्यामुळे त्यांचा बाष्पदाब कमी राहतो, हे खरे आहे. पण बंध कमकुवत असलेले पुष्कळ पदार्थ साध्या दाबालाही रीतसर वितळतात. नायट्रोजन हे त्याचे सरळ उदाहरण. निर्णायक गोष्ट ही की, पदार्थाचा स्फटिक किती तापमानापर्यंत टिकून राहतो. यासाठी आलेखातला आणखी एक बिंदू लागतो. द्रव आणि वायू यांच्यामधली रेषा वर जाता जाता एका ठिकाणी संपते, तो क्रांतिक बिंदू. पाण्यासाठी तो ३७४ अंश आणि सुमारे २१८ वातावरणे, कार्बन डायऑक्साइडसाठी ३१ अंश आणि सुमारे ७३ वातावरणे. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्विनमध्ये मोजले, तर पाण्याचा त्रिबिंदू त्याच्या क्रांतिक तापमानाच्या ४२ टक्क्यांवर आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा ७१ टक्क्यांवर. कार्बन डायऑक्साइडचे सरळ काडीसारखे रेणू स्फटिकात इतके नीट बसतात की, रेणूंमधल्या एकूण ओढीच्या मानाने हा स्फटिक फार उशिरापर्यंत मोडत नाही. तो मोडायच्या बेताला येतो, तेव्हा बाष्पदाब पाच वातावरणांच्या वर गेलेला असतो. पाण्याच्या बर्फाची रचना याउलट पोकळ आणि सैल आहे. ती लवकर ढासळते आणि ढासळते त्या क्षणी बाष्पदाब अगदीच किरकोळ असतो.

बर्फाची ही पोकळ रचना आलेखात आणखी एका जागी दिसते. स्थायू आणि द्रव यांच्यामधली रेषा कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात किंचित उजवीकडे कललेली असते. दाब वाढवला की वितळण्याचे तापमानही वाढते आणि बहुतेक पदार्थांची रीत हीच. पाण्याची रेषा डावीकडे कलते. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, एक लिटर बर्फाचे वजन सुमारे ९१७ ग्रॅम भरते. दाब दिला की जास्त दाटीची अवस्था, म्हणजे पाणी, वरचढ ठरते. दाबाने बर्फाचा विलयबिंदू खाली जाईल, हे जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये नुसत्या तर्काने सांगितले आणि त्यांचे धाकटे भाऊ विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी वर्षभरात ते प्रयोगाने पडताळले. कल मात्र अगदी बारीक आहे. विलयबिंदू एक अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. उणे १० अंशांचा बर्फ केवळ दाबाने वितळवायचा, तर सुमारे १,१०० वातावरणे लागतील. बर्फावर स्केटिंग करणाऱ्याचे पाते दाबाने बर्फ वितळवते आणि म्हणून तो घसरतो, हे जुन्या पुस्तकांतले स्पष्टीकरण कडाक्याच्या थंडीत इथेच लंगडे पडते. अशा थंडीत घर्षणाची उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावरचा सैल रेणूंचा पातळ थर यांचा वाटा मोठा असतो. दाब जवळपास २,००० वातावरणांपर्यंत नेला तर ही रेषा उणे २२ अंशांपर्यंत उतरते आणि तिथे बर्फाचा वेगळाच, दाट प्रकार तयार होतो. शाळेच्या पुस्तकातील आलेख त्याच्या फार आधीच कापलेला असतो.

त्रिबिंदूचे दाब आणि तापमान निसर्गानेच ठरवून दिलेले असल्यामुळे तापमापकाची खूण म्हणून त्याच्याइतकी भरवशाची जागा दुसरी नाही. १९५४ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पाण्याचा त्रिबिंदू बरोबर २७३.१६ केल्विन असल्याचे ठरवले आणि केल्विन या एककाची व्याख्याच त्यावर उभी केली. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर बेतलेली आहे, पण उत्तम तापमापक जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत त्रिबिंदूची कुपी आजही रोजच्या वापरात आहे. ही कुपी म्हणजे वितभराहून लांब, जाड काचेची बंद नळी. तिच्या मधोमध वरून उघडी असलेली आणखी एक अरुंद नळी आत उतरलेली असते. बाहेरच्या नळीत अतिशुद्ध पाणी भरून हवा पूर्ण काढून घेतलेली असते, त्यामुळे पाण्याच्या वर फक्त पाण्याचीच वाफ राहते.

कुपी तयार करण्याची रीत पाहण्यासारखी असते. आतल्या अरुंद नळीत ड्राय आइसचा चुरा भरत जातात. तिच्या काचेभोवती पाण्यात बर्फ धरू लागतो आणि पारदर्शक बर्फाचे जाडसर वेष्टन तयार होते. मग चुरा काढून त्या नळीत क्षणभर सामान्य तापमानाची काडी सोडतात. काचेला चिकटलेला बर्फ अगदी पातळ थरात वितळतो. कुपीला हलका झटका दिला आणि बर्फाचे वेष्टन नळीभोवती मोकळे गोल फिरले, म्हणजे बर्फ आणि पाणी यांची सीमा काचेलगत सर्वत्र तयार झाली आहे. वेष्टन फिरत नसेल तर कुपी वापरत नाहीत. आता आत बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही आहेत, म्हणजे तापमान ०.०१ अंश याखेरीज दुसरे असूच शकत नाही. अशी कुपी नीट थंड ठेवली तर कित्येक आठवडे हेच तापमान धरून राहते.

त्रिबिंदू शून्य अंशावर नसून ०.०१ वर का, याचेही उत्तर आलेखातच आहे. पेल्यातल्या बर्फ-पाण्यावर एक वातावरणाचा दाब असतो आणि रेषा डावीकडे कललेली असल्याने त्या दाबाने विलयबिंदू ०.००७५ अंशाने खाली येतो. पाण्यात हवा विरघळलेली असते, तिच्यामुळे आणखी सुमारे ०.००२५ अंश कमी होतात. हवा काढली आणि दाब उतरवला की हे दोन्ही उणे भरून निघतात आणि शंभरावा हिस्सा अंश वर मिळतो.

कार्बन डायऑक्साइडचा त्रिबिंदू पाहायला कुपी लागत नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो साध्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक ड्रॉपरने दाखवतात. ड्रॉपरचे टोक कापून फुग्यासारख्या भागात ड्राय आइसचा चुरा भरतात, मान दुमडून पकडीने घट्ट आवळतात आणि फुगा पाण्याच्या पेल्यात बुडवून धरतात. पाण्याची उष्णता आत जाते, बर्फाचे संप्लवन होते, पण वायूला वाट नसल्याने दाब चढू लागतो. आलेखावर पाहिले तर चुरा उणे ७८.५ अंश आणि एक वातावरण इथून निघून संप्लवनाच्या रेषेवरून वर चढतो आहे. काही सेकंदांत दाब पाच वातावरणांच्या पुढे जातो आणि पांढऱ्या चुऱ्याच्या कडा ओल्या दिसू लागतात, मग फुग्यात नितळ द्रव हलताना दिसतो. जोवर थोडा चुरा शिल्लक आहे तोवर आतला दाब आणि तापमान त्रिबिंदूवरच खिळलेले असतात. या क्षणी पकड सैल केली की दाब झपकन उतरतो. उणे ५६.६ अंशांच्या द्रवाला एक वातावरणावर जागाच नसते. त्याचा काही भाग जोरात उकळून वायू होतो, त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातून खेचली जाते आणि तो उरलेला भाग डोळ्यांदेखत पांढरा, घट्ट बर्फ होऊन बसतो. पुन्हा आवळले की पुन्हा द्रव. पकड वेळेत सोडली नाही तर फुगा मोठ्या आवाजाने फुटतो, म्हणूनच तो पाण्याखाली धरतात आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय प्रयोगाला हात लावत नाहीत. बंद बाटलीत ड्राय आइस कधीही ठेवायचा नसतो, तो याच कारणाने. लिटरभराच्या बाटलीत १०० ग्रॅम ड्राय आइस कोंडला आणि बाटली टिकली असे समजले, तर खोलीच्या तापमानाला आतला दाब पन्नास वातावरणांच्या घरात जाईल. बाटली त्याच्या फार आधीच फुटते.

कारखान्यात ड्राय आइस बनतो, तो याच प्रयोगाचा उत्तरार्ध मोठ्या प्रमाणावर करून. द्रव कार्बन डायऑक्साइड उष्णतारोधक टाकीत सुमारे उणे २० अंशांना आणि २० वातावरणांच्या आसपास साठवलेला असतो. आलेखात हा बिंदू द्रव-वायूच्या रेषेवर येतो. हा द्रव तोटीतून साध्या दाबाच्या कोठीत सोडला की दाब त्रिबिंदूच्या खाली कोसळतो. निम्म्याहून थोडा अधिक भाग वायू होऊन निघून जातो, तो गोळा करून परत दाबतात. उरलेल्याचा भुसभुशीत हिम होतो. तो दाबून लाद्या किंवा गोळ्या करतात. पॅरिसमध्ये थिलोरिए यांना १८३५ च्या सुमारास हा पदार्थ प्रथम मिळाला, तोही दाबाखालचा द्रव एकदम मोकळा सोडल्यावर. आग विझवण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यातून उडणारा पांढरा फवारा हेच हिम होय, आणि चालू फवाऱ्याच्या शिंगाला उघड्या हाताने धरले तर कातडी गोठून इजा होते.

या नळकांड्यात आलेखाचा आणखी एक धडा आहे. २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ वातावरणे असतो. आत द्रव आणि वायू दोन्ही आहेत तोवर तो रेषेने ठरवलेला दाब आहे. द्रव भरपूर असो की तळाशी थोडा, काट्यावर तोच आकडा दिसेल. म्हणून या नळकांड्यावर दाब दाखवणारी तबकडी बसवत नाहीत. ते वजन करून तपासतात. रिकाम्या नळकांड्याचे वजन अंगावर कोरलेले असते, त्यातून आत किती माल उरला ते कळते. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतले तापमानही ४० अंशांच्या पुढे जाते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या क्रांतिक तापमानाच्या बरेच वर. तिथे नळकांड्यात द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही. दोहोंमधला पृष्ठभाग नाहीसा होतो आणि एकच दाट प्रवाही उरतो. हा प्रकार बेलफास्टमध्ये टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून १८६९ मध्ये मांडला. ज्या रेषेने द्रव आणि वायू वेगळे केले तीच मध्येच संपते, म्हणजे तिला वळसा घालून, कुठेही न उकळता, द्रवातून वायूत जाता येते. स्थायू-द्रवाच्या रेषेला असा शेवट कुठे सापडलेला नाही.

आलेख काय सांगत नाही, हेही तितकेच ठाऊक असावे लागते. तो वेळ सांगत नाही आणि उष्णतेचा हिशेबही देत नाही. रेषेवर पोहोचताच सगळा पदार्थ एकदम पलीकडे जात नाही. एक किलो पाण्याचा बर्फ वितळायला ३३४ किलोजूल उष्णता लागते, एक किलो ड्राय आइस उडून जायला सुमारे ५७०. म्हणूनच थर्मोकोलच्या पेटीत ड्राय आइस दिवसभर आरामात टिकतो आणि मागे पाणी सांडत नाही. करोनाच्या साथीत उणे ७० अंशांच्या आसपास ठेवाव्या लागणाऱ्या लसी त्याच्याच पेट्यांतून जगभर गेल्या. पेटीचे झाकण मात्र कधी हवाबंद करत नाहीत.

उडून गेलेला वायू कुठेतरी साठतोच. एक किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला साडेपाचशे लिटरच्या आसपास वायू होतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. दारे-खिडक्या लावून अशा खोलीत पाच किलो ड्राय आइस उडून गेला तर हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ जाईल, आणि एवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. वायू हवेहून दीडपट जड असल्याने तो आधी जमिनीलगत साचतो. समारंभात स्टेजवर ड्राय आइसचे ढग सोडतात, तेव्हा दिसणारे पांढरे धुके कार्बन डायऑक्साइडचे नसते, ते हवेतल्या बाष्पाचे थंडीने झालेले बारीक थेंब असतात. कार्बन डायऑक्साइड स्वतः दिसत नाही, त्यामुळे धुके ओसरले म्हणजे धोका गेला असे नाही. खाण्याच्या पदार्थांतही हाच घोळ होतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये माउथ फ्रेशनर समजून ड्राय आइस तोंडात घातलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले.

आलेख वाचताना सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दाब या शब्दाशी. हा आलेख शुद्ध पदार्थाचा असतो, त्यात हवा धरलेली नसते. फ्रीजरच्या खणातल्या बर्फाचे खडे महिन्याभरात झिजून लहान होतात. तिथे दाब एक वातावरण आहे, तापमान उणे १८ अंश, म्हणजे बिंदू बर्फाच्या प्रदेशात खोल आत. मग बर्फ जातो कुठे? खणातल्या हवेत पाण्याच्या बाष्पाचा स्वतःचा दाब जेवढा आहे, तेवढाच बर्फाच्या हिशेबी धरायचा असतो. उणे १८ अंशांना बर्फाचा बाष्पदाब सुमारे १२५ पास्कल असतो. भोवतालच्या कोरड्या हवेत बाष्पाचा दाब त्याहून कमी राहिला, की बर्फाचे संप्लवन हळूहळू चालूच राहते. डांबरगोळी कपाटात झिजते, तीही अशीच. पण डांबरगोळी आणि ड्राय आइस यांना एकाच माळेत ओवणे बरोबर नाही. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचा त्रिबिंदू वातावरणाच्या दाबाच्या फार खाली आहे, त्यामुळे ती तापवली तर ८० अंशांना सरळ वितळते. कापराचेही तसेच, निरांजनात पेटलेली वडी तळाशी वितळलेली दिसते. ही मंडळी उडून जातात, तेव्हा ते ओल्या कपड्यातले पाणी सुकावे तसे मंद बाष्पीभवन असते. ड्राय आइसचा बाष्पदाब हवेच्या पूर्ण दाबाइतका झालेला असतो, म्हणून त्याचे संप्लवन उकळण्याच्या तोडीचे असते आणि उघड्यावर कितीही आच दिली तरी त्याचा द्रव होत नाही.

पाण्यालाही ड्राय आइससारखे वागायला लावता येते. त्यासाठी एवढेच करायचे की, दाबाची आडवी रेघ ६११ पास्कलच्या खाली उतरवायची. फ्रीझ-ड्राइंग नावाची सुकवण्याची पद्धत हेच करते. स्ट्रॉबेरी, कॉफीचा अर्क किंवा लस आधी गोठवतात, मग कोठीतली हवा उपसून दाब काही दशक पास्कलपर्यंत आणतात आणि अगदी बेताने उष्णता देतात. बर्फ वितळल्यावाचून वाफ होऊन जातो आणि फळाचा आकार जसाच्या तसा राहतो. उष्णता घाईने दिली आणि आतला भाग त्रिबिंदूच्या तापमानावर गेला, किंवा साखरेमुळे त्याच्याही खालीच मऊ पडला, तर फळ आत बसते आणि चिकट होते. माल बिघडला हे तेवढ्यावरूनच ओळखता येते.

एखाद्या ग्रहावर ही रेघ मुळातच खाली असेल तर काय होते, हे मंगळावर दिसते. तिथल्या वातावरणाचा सरासरी दाब ६०० पास्कलच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या त्रिबिंदूला अगदी लागून आहे आणि त्या वातावरणात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पाण्याचा बर्फ उन्हाने तापला तरी बहुतेक ठिकाणी त्याला द्रव होण्यापुरती जागा मिळत नाही, तो वाफ होऊन जातो. सखल खोऱ्यांत दाब हजार पास्कलच्या वर जातो, तिथे आलेखात द्रवाची चिंचोळी पट्टी उघडते, पण कोरड्या हवेमुळे पाणी तिथेही फार टिकू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर ६०० पास्कलची रेघ संप्लवनाच्या रेषेला उणे १२५ अंशांच्या सुमारास छेदते. ध्रुवावर हिवाळ्यात तापमान तिथवर उतरते आणि हवाच गोठून जमिनीवर ड्राय आइस होऊन पडते. १९७६ मध्ये उतरलेल्या वायकिंग यानांच्या दाबमापकांनी हे सबंध वर्षभर टिपले. ध्रुवावर बर्फ साचू लागला की हजारो किलोमीटर दूर असलेल्या यानाजवळचा दाब उतरत असे, आणि वसंतात तो बर्फ उडून गेला की पुन्हा चढत असे. हा फरक पाव हिश्श्याहूनही मोठा होता.